दिवाळीतली तुपाची ऑफर: 74 टक्क्यांमधले आपले किती?

प्रश्न: आमची पश्चिम महाराष्ट्र आणि सोलापूर भागात मिळून 36 किराणा सुपरमार्केटं आहेत. 2025 च्या दिवाळीत त्यांपैकी 10 दुकानांत एका ब्रँडच्या 1 लिटर तुपाच्या बरणीवर 50 रुपये सूट दिली, 6 ते 19 ऑक्टोबर. त्यातले 30 कंपनीने सोसले, 20 आम्ही. या 10 दुकानांत तुपाची विक्री मागच्या वर्षीच्या त्याच तारखांपेक्षा 74 टक्के जास्त झाली. मालक म्हणतात, पुढच्या वर्षी सगळ्या दुकानांत करू. मला वाटतं दिवाळीत तूप तसंही खपतंच. उरलेल्या 26 दुकानांचे आकडेही आहेत. ऑफरमुळे खरी वाढ किती झाली हे कसं काढायचं? रोजच्या विक्रीची फाईल जोडली आहे.

उत्तर:

निकाल आधी सांगतो, मग तो कसा निघाला ते. तुमच्या फाईलवरून ऑफरमुळे तुपाची विक्री साधारण 13 ते 14 टक्के वाढलेली दिसते. ऑफरवाल्या बरण्या दुप्पट गेल्या हे खरं, पण त्यातली जवळपास निम्मी वाढ तुमच्याच शेल्फवरच्या दुसऱ्या तुपाच्या खपातून आली. आणि तुम्ही सोसलेले 20 रुपये धरले तर ही ऑफर पैशाच्या हिशेबात तोट्यात गेली. तोटा मोठा नाही, पण तोच प्रयोग 36 दुकानांत केला तर मोठा होईल.

सगळ्यात आधी तो 74 चा आकडा बाजूला ठेवा, कारण तो दोन वेगळ्या सणांची तुलना करतो. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला. म्हणजे 6 ते 19 ऑक्टोबर 2025 हे फराळाच्या खरेदीचे ऐन दिवस, तर 2024 च्या त्याच तारखांत 12 ऑक्टोबरचा दसरा येतो आणि दिवाळीची यादी अजून घरोघरी लिहिली जायची असते. रवा, बेसन, तूप यांचा खप तारखेवर चालत नाही, तिथीवर चालतो. म्हणून तुलना लक्ष्मीपूजनापासून मागे मोजून करायची. तुमची ऑफर लक्ष्मीपूजनाच्या 15 दिवस आधी सुरू झाली आणि 2 दिवस आधी संपली. 2024 मध्ये हे दिवस 17 ते 30 ऑक्टोबर असे येतात. त्या दिवसांशी तुलना केली की तुमच्या 10 दुकानांतली वाढ 74 वरून 24 टक्क्यांवर येते. ऑफरचा विचार अजून सुरूही झालेला नाही, नुसतं कॅलेंडर सरळ केलं.

आता हे 24 टक्केही ऑफरचे नाहीत. 22 सप्टेंबर 2025 पासून तुपावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. म्हणजे सगळा फायदा ग्राहकापर्यंत पोचला असेल तर तूप सुमारे सव्वासहा टक्क्यांनी स्वस्त झालं, आणि तेही ऑफर असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही प्रकारच्या दुकानांत. शिवाय वर्षभरात दुकानांची गिऱ्हाइकं थोडी वाढलेली असतात, पगार आणि बोनसची वेळ बदललेली असते. 2024 मध्ये फराळाची खरेदी महिनाअखेरीला आली होती, 2025 मध्ये ती पगारानंतरच्या पंधरवड्यात आली. या प्रत्येक गोष्टीचा परिणाम वेगळा मोजत बसणं व्यर्थ आहे. त्यासाठीच कंट्रोल दुकानं असतात: जीएसटी, पगार, तिथी हे सगळं ज्यांना सारखंच लागू झालं, फक्त ऑफर मिळाली नाही अशी दुकानं.

पण 26 दुकानांची सरासरी उचलून कंट्रोल म्हणून लावू नका. सगळी मेख इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सोलापूरकडची तुमची 7 दुकानं आधी काढली. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाडा आणि सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी आणि पूर झाला. शेतं खरवडून गेलेल्या भागातली दिवाळी सातारा-पुण्याच्या दिवाळीसारखी असेल असं धरता येत नाही. ही दुकानं कंट्रोलमध्ये ठेवली असती तर कंट्रोलचा खप पडलेला दिसला असता आणि तुमची ऑफर आहे त्यापेक्षा भारी वाटली असती. मालकांना आवडणारा आकडा कसा तयार होतो याचा हा नमुनाच आहे, आणि त्यात कुणी खोटं बोललेलं नसतं.

मग ज्या गावात ऑफरचं दुकान आहे त्याच गावातली 6 दुकानं काढली. एका दुकानात बरणी 50 रुपयांनी स्वस्त आहे हे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संध्याकाळपर्यंत पोचतं. दोन किलोमीटरवरच्या तुमच्याच दुसऱ्या दुकानाचं गिऱ्हाईक तिकडे गेलं, तर ऑफरच्या दुकानात एक बरणी वाढते आणि कंट्रोलमध्ये एक कमी होते. तुलनेत हा फरक दोनदा मोजला जातो, आणि साखळीची विक्री मात्र वाढलेली नसते.

दिवाळी 2024 नंतर उघडलेली 3 दुकानं काढली, कारण त्यांची मागची दिवाळीच नाही. शेवटची 2 दुकानं काढण्याचं कारण तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. या दोन्ही ठिकाणी 14 ऑक्टोबरनंतर त्या ब्रँडच्या बरणीची विक्री सलग चार दिवस शून्य आहे, आणि त्याआधी रोज आठ-दहा बरण्या जात होत्या. गिऱ्हाईक असं एकदम तूप खायचं सोडत नाही. गोदामातून माल ऑफरच्या दुकानांकडे वळवला गेला आणि इथलं शेल्फ रिकामं राहिलं, एवढाच त्याचा अर्थ. स्टॉकच्या नोंदीत कदाचित दोन-चार बरण्या शिल्लक दिसतील, पण त्या नोंदीवर विसंबू नका. फुटलेला, चुकीच्या जागी ठेवलेला माल कागदावर शिल्लकच असतो. बिलांच्या वेळा पाहा. तासाला एखादी बरणी जाणाऱ्या दुकानात सणाच्या ऐन गर्दीत दिवसभर एकही गेली नाही, तर माल नव्हता असंच धरायचं. ऑफरच्या दुकानांतही हीच तपासणी करायची, फक्त तिथे चूक उलट्या दिशेने होते आणि ऑफर आहे त्यापेक्षा कमी भासते.

अशा रीतीने 26 मधून 8 दुकानं उरली. कमी आहेत, पण तुलनेला लायक आहेत.

लायक म्हणजे काय, तेही सांगतो. बहुतेक जण कंट्रोल निवडताना महिन्याची उलाढाल आणि दुकानाचं क्षेत्रफळ जुळवतात. सणाच्या ऑफरसाठी ते पुरत नाही. सारखी उलाढाल असलेली दोन दुकानं घ्या. एक तालुक्याच्या गावात बाजारपेठेत आहे. तिथे आजूबाजूच्या वीस खेड्यांतून लोक दिवाळीचा बाजार करायला येतात, आणि तुपाचा खप एरवीच्या तिप्पट होतो. दुसरं शहरातल्या नोकरदार वस्तीत आहे. तिथे निम्मी घरं फराळ विकत आणतात, उरलेली लक्ष्मीपूजनाच्या आधीच गावी जातात, आणि खप दीडपटीवर थांबतो. ही दोन दुकानं जून-जुलैत अगदी जुळी दिसतील आणि दिवाळीत एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखी वागतील. म्हणून जुळवायचं ते सणाचं गुणोत्तर: दिवाळीच्या पंधरवड्यातली आठवड्याची विक्री भागिले साध्या दिवसांतली आठवड्याची विक्री. मागच्या वर्षी, म्हणजे कुठलीही ऑफर नसताना, हे गुणोत्तर प्रत्येक दुकानात किती होतं ते काढायचं आणि त्यावरून जोडीदार शोधायचे.

साधे दिवस कुठले घ्यायचे हाही प्रश्नच असतो. ऑफरच्या आधीचे आठवडे घ्यावेत असा रिवाज आहे, पण 2025 मध्ये 27 ऑगस्टला गणपती आले, मग पितृपक्ष, मग 22 सप्टेंबरला घटस्थापना आणि त्याच दिवशी जीएसटी कपात. जीएसटी कमी होणार हे कळल्यावर आधीचे दोन-तीन आठवडे खरेदी पुढे ढकलणारेही होते. या गढूळ काळाला बेसलाइन म्हणण्यात अर्थ नाही. मी श्रावणाच्या आधीचे सहा आठवडे घेतले: 9 जून ते 20 जुलै 2025, आणि 2024 साठी 17 जून ते 28 जुलै. सोमवार ते रविवार असे पूर्ण आठवडे घ्यायचे, म्हणजे शनिवार-रविवारची संख्या दोन्हीकडे सारखी राहते. तुमची ऑफरही नेमकी सोमवारी सुरू होऊन रविवारी संपली, त्यामुळे हे सोपं झालं.

आता आकडे. सगळे आकडे दर दुकानामागे, दर आठवड्याचे, आणि दुकानातल्या सगळ्या तुपाचे आहेत: सगळे ब्रँड, सगळे पॅक, सुटं तूपही, लिटरमध्ये. फक्त ऑफरच्या बरणीकडे मागाहून येऊ.

ऑफरच्या 10 दुकानांत साध्या आठवड्यात 120 लिटर तूप जायचं, ऑफरच्या काळात 300 लिटर गेलं. म्हणजे अडीचपट. कंट्रोलच्या 8 दुकानांत साध्या आठवड्यात 110 आणि त्याच पंधरवड्यात 231, म्हणजे 2.10 पट. हे 2.10 म्हणजे ऑफर नसताना या वर्षीच्या दिवाळीने, जीएसटीने आणि बाकी सगळ्याने मिळून केलेलं काम. तेच ऑफरच्या दुकानांना लावलं तर ऑफर नसती तरी तिथे 120 चे 252 झालेच असते. झाले 300. वाढ 48 लिटर, म्हणजे 19 टक्के.

बरेच जण इथेच थांबतात. थांबू नका. मागच्या वर्षी हीच दोन गुणोत्तरं काय होती ते पाहा. 2024 च्या दिवाळीत, ऑफर नसताना, तुमच्या या 10 दुकानांचं गुणोत्तर 2.15 होतं आणि कंट्रोलच्या 8 चं 2.05. म्हणजे ही 10 दुकानं मुळातच दिवाळीत थोडी जास्त उसळी घेणारी आहेत. तुम्ही मेलमध्ये लिहिलंय की ऑफरसाठी दुकानं एरिया मॅनेजरांनी सुचवली, जिथे दर्शनी भागात जागा होती आणि जिथला मॅनेजर उत्साही होता ती. मग हा फरक अपेक्षितच आहे. मॅनेजर आपलं चालतं दुकानच पुढे करतो. त्यात त्याचा दोष नाही, पण चालत्या दुकानाची चाल ऑफरच्या नावावर जमा होते. ती वजा करायची अशी:

```
120 × (231 / 110) × (2.15 / 2.05) = 264
```

ऑफर नसती तर आठवड्याला 264 लिटर गेलं असतं. 300 वजा 264, म्हणजे 36 लिटर. हेच ते साडेतेरा-चौदा टक्के. 10 दुकानं आणि 2 आठवडे मिळून 720 लिटर.

यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: मागच्या वर्षी दोन गटांत जेवढा फरक होता तेवढाच या वर्षीही राहिला असता. हे सिद्ध करता येत नाही, पण पडताळता येतं. ज्या मालावर कुठेच ऑफर नव्हती आणि जो तुपासोबतच यादीत येतो, असा माल घ्या: बेसन, रवा, पिठीसाखर. त्याचं हेच गणित करा. तुमच्या फाईलवर रवा आणि पिठीसाखरेचं उत्तर शून्याच्या आसपास येतं, बेसनाचं एक-दीड टक्का. म्हणजे तुलना बरी जमली आहे. बेसनातही दहा टक्के 'लिफ्ट' निघाली असती, तर तुपाच्या आकड्यावर विश्वास ठेवायचं कारण उरलं नसतं.

दुसरी पडताळणी बिलांची. ऑफरच्या एका दुकानात 11 ऑक्टोबरला दुपारी एकाच बिलावर 96 बरण्या आहेत. घरातलं गिऱ्हाईक 96 लिटर तूप नेत नाही. तो केटरर असेल, मिठाईवाला असेल, किंवा जवळचा किराणावाला, ज्याला वितरकापेक्षा तुमच्याकडे स्वस्त पडलं. हे एक बिल ठेवलं तर सगळ्या 10 दुकानांची सरासरी आठवड्याला जवळपास 5 लिटरने फुगते. वरच्या 300 मध्ये मी ते धरलेलं नाही. दोन्ही गटांतली 10 लिटरच्या वरची तुपाची बिलं, दोन्ही वर्षांची, बाजूला काढूनच सगळे आकडे काढले आहेत. पुढच्या वेळी ऑफरच्या पाटीवर 'एका बिलावर कमाल 4' असं लिहा, आणि बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही तसं बसवा. नुसत्या पाटीकडे कॅशिअर गर्दीत बघत नाही.

आता ऑफरची बरणी. तिचा खप ऑफर नसताना, वरच्याच पद्धतीने काढला तर, आठवड्याला 70 राहिला असता. गेल्या 140. कंपनीचा सेल्समन हाच आकडा सांगत येईल, शंभर टक्के वाढ, आणि तो खोटंही बोलत नसेल. पण बरणी 70 ने वाढली आणि एकूण तूप 36 लिटरनेच वाढलं. उरलेले 34 लिटर तुमच्याच इतर तुपाचे होते. जो माणूस एरवी दुसऱ्या ब्रँडचं किंवा अर्ध्या लिटरचे दोन पुडे घेतो, त्याने या वेळी ही बरणी उचलली. कंपनीसाठी ही सगळी नवी विक्री आहे. तुमच्यासाठी गल्ल्यातला पैसा एका खणातून दुसऱ्या खणात गेला, तोही 20 रुपये कमी होऊन. तुमच्याकडे सुट्या तुपावर मार्जिन जास्त आहे असं फाईलवरून दिसतं. तिथून गिऱ्हाईक वळलं असेल तर नुकसान मी पुढे धरलंय त्याहून थोडं जास्तच असेल. सगळ्या तुपावर सरासरी लिटरमागे 55 रुपये मार्जिन धरून पुढे जातो.

तूप टिकतं. भाजीवर ऑफर दिली तर माणूस पुढच्या महिन्याची भाजी आज घेऊन ठेवत नाही, तुपाचं तसं नाही. म्हणून ऑफर संपल्यानंतरचे आठवडे पाहिल्याशिवाय हिशेब बंद करायचा नसतो. 20 ऑक्टोबर ते 23 नोव्हेंबर या पाच आठवड्यांत तुमच्या ऑफरच्या दुकानांत, कंट्रोलच्या मानाने, दर दुकानामागे एकूण 16 लिटर तूप कमी गेलं. त्यानंतर दोन्ही गट पुन्हा बरोबर चालू लागले. म्हणजे 10 दुकानांत 160 लिटर हे नोव्हेंबरातून उसने घेतलेले होते. 720 मधून ते वजा केले की 560 लिटर उरतात. ऑफरमुळे खरोखर जास्तीचं विकलं गेलेलं तूप एवढंच.

पैसे मांडू. 560 लिटर गुणिले 55 रुपये, म्हणजे 30,800 रुपये जास्तीचं मार्जिन. दुसऱ्या बाजूला ऑफरच्या बरण्या आठवड्याला 140, दोन आठवडे, 10 दुकानं, एकूण 2,800. प्रत्येकीवर तुमचे 20 रुपये, म्हणजे 56,000. तुमच्या खिशातून 25,200 रुपये गेले. बॅनर, पाट्या, स्टँड यांचा खर्च अजून धरलेला नाही. ही सूट फक्त नव्या विक्रीला मिळत नाही हेच सगळ्या सणाच्या ऑफरचं दुखणं आहे. ती सगळ्यांना मिळते, आणि दिवाळीत तर तूप घेणार हे आधीच ठरलेलं असलेली माणसंच जास्त असतात. इथे 2,800 बरण्यांवर सूट दिली आणि तूप वाढलं 560 लिटर, म्हणजे पाचांत एक. चार जणांना आपण तेच तूप घेण्यासाठी पैसे दिले.

हा 13-14 चा आकडा किती पक्का? 10 आणि 8 दुकानांवरून काढलेला आहे, तेव्हा फार नाही. दुकानागणिक पाहिलं तर ऑफरच्या दोन दुकानांत वाढ तीस टक्क्यांच्या वर आहे आणि एकात चक्क घट आहे. असं विखुरलेलं असताना एक सोपी कसोटी लावता येते. सगळी 18 दुकानं एका ढिगात टाका, त्यांतली कुठलीही 10 चिठ्ठ्या टाकून 'ऑफरची' ठरवा आणि तेच गणित करा. असं संगणकाकडून काही हजार वेळा करून घ्या. निव्वळ नशिबाने 13 टक्क्यांच्या वर फरक किती वेळा येतो ते मोजा. तुमच्या फाईलवर तो क्वचितच येतो, तेव्हा ऑफरचा परिणाम शून्य होता असं म्हणता येत नाही. पण तो 6 टक्के होता की 21, हे या आकड्यांवरून ठामपणे सांगता येणार नाही.

यात समाधानाची गोष्ट अशी की निर्णयासाठी तेवढं ठाम असण्याची गरजच पडत नाही. वरचं टोक, 21 टक्के, धरून बघा. आठवड्याला साधारण 55 लिटर वाढ, एकूण 1,110. त्यातून उसने 160 वजा केले की 950. गुणिले 55, म्हणजे सुमारे 52,000 रुपये. तरीही 56,000 भरून निघत नाहीत. आकडा धूसर आहे, पण तो ज्या पट्ट्यात कुठेही असू शकतो त्या सगळ्या पट्ट्यात निकाल एकच येतो. मालकांपुढे मांडताना हेच आधी सांगा. '13.6 टक्के' असं दशांशासकट लिहिलंत तर सगळी चर्चा त्या दशांशावर होईल.

यावर मालक म्हणतीलच, की तूप हे निमित्त होतं, तुपासाठी आलेल्या माणसाने बाकीचा बाजारही आपल्याकडेच केला. बरोबर शंका आहे. फक्त ती तपासण्याची नेहमीची पद्धत चुकीची असते. ऑफरची बरणी असलेल्या बिलांची सरासरी काढतात, ती दणदणीत मोठी येते, आणि सगळे खूश होतात. पण लिटरभर तूप घेणारा माणूस फराळाची पूर्ण यादी घेऊनच आलेला असतो. त्याचं बिल ऑफरशिवायही मोठंच असतं. बघायचं ते दुकानातल्या एकूण बिलांच्या संख्येकडे, तूप असलेल्या आणि नसलेल्या सगळ्या, आणि पुन्हा कंट्रोलशी तुलना करून. तुमच्याकडे ही वाढ पाऊण टक्क्याच्या आसपास दिसते, पण दुकानादुकानांतला चढउतारच दोन टक्क्यांचा आहे. त्यामुळे ती आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही नाही.

तोटा भरून निघायला किती जास्तीची गिऱ्हाइकं लागली असती, हे मात्र काढता येतं. एका बिलावर तूप सोडून 150 रुपये मार्जिन धरलं तर 25,200 साठी 168 बिलं. दुकानामागे 17, म्हणजे दिवसाला एखाद-दुसरं. रोज सहाशे बिलं फाडणाऱ्या दुकानात एवढा फरक 8 दुकानांच्या कंट्रोलने कधीच दिसणार नाही. तेव्हा मालकांचं म्हणणं खोडून काढता येत नाही हे मान्य करावं. पण 'आकडेही तेच सांगतात' असं मात्र त्यांना म्हणू देऊ नये.

पुढच्या वर्षी सगळ्या 36 दुकानांत ऑफर लावलीत तर कंट्रोलच उरणार नाही, आणि पुन्हा मागच्या वर्षीच्या तारखांशी तुलना करत बसाल. त्याऐवजी दुकानांच्या जोड्या लावा, मागच्या दोन दिवाळ्यांच्या गुणोत्तरावरून, दोन्ही दुकानं वेगवेगळ्या गावांतली. प्रत्येक जोडीत ऑफर कुणाला हे नाणं उडवून ठरवा, एरिया मॅनेजरांना न विचारता. बारा जोड्या जमल्या तरी पुष्कळ. कंट्रोलच्या दुकानांचा मालसाठा आधीच वेगळा राखून ठेवायला गोदामाला लेखी सांगा, नाहीतर तेच दोन दुकानांचं नाटक पुन्हा होईल. आणि ऑफरच्या काळात कंट्रोलच्या मॅनेजरने आपल्या मनाने तुपावर दुसरी काही सूट लावली तर ते कळेल अशी सोय करा. विक्री मागे पडतेय असं दिसलं की ते अशी सूट लावतातच.

कंपनीशी बोलताना तुमच्या हातात दोन आकडे आहेत. जास्तीचं मार्जिन 30,800, बरण्या 2,800: म्हणजे बरणीमागे 11 रुपयांपेक्षा जास्त सोसलं तर तुम्ही तोट्यात. वाढ 6 टक्के धरली तर हाच आकडा 3 रुपयांवर येतो आणि 21 धरली तर 19 वर, म्हणून 20 रुपयांचा वाटा कुठल्याच हिशेबात बसत नाही. दुसरा आकडा असा की ऑफरच्या काळात कंपनीच्या 1,400 बरण्या जास्त गेल्या आणि तुमचं तूप 560 लिटरच वाढलं. फायदा जिचा अडीचपट, तिने 30 ऐवजी 40-42 रुपये उचलावेत ही मागणी अवास्तव नाही. कंपनी नाही म्हणाली, तर 50 ऐवजी 35 ची सूट ठेवा आणि त्यातले तुमचे 5 च. तेवढ्याने गिऱ्हाईक हलतं का, ते त्या बारा जोड्या सांगतील.